मागावर रुजू होणाऱ्या कामगाराच्या वैद्यकीय तपासणीचा सारांश कसा लिहावा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागणारा माणूस तपासणीला येतो, तेव्हा त्याच्या हातात डोळ्यांचा कागद, कानाचा आलेख, फुप्फुसाच्या मशीनची पट्टी आणि रक्ताचा रिपोर्ट असे चार-पाच कागद असतात. यातला एकही कागद कारखान्यातला माणूस नीट वाचत नाही. वाचला जातो तो फक्त शेवटचा एक पानी सारांश. मी गेली काही वर्षं असे सारांश लिहितो आहे. माझ्या लेखी त्यात कानाचा भाग सर्वांत नाजूक असतो, म्हणून या लेखातही त्याला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून एक कामगार घेऊ. नाव लिहीत नाही, तपशील बोधासाठी जुळवले आहेत. वय ४१, उंची १६४ सेंटीमीटर. आधी ११ वर्षं पूर्व भागातल्या एका शटलच्या यंत्रमागावर काम केलेलं. आता टॉवेलच्या वीव्हिंग शेडमध्ये विणकर म्हणून अर्ज.

आधी काम लिहा, मग माणूस

सारांशाची पहिली ओळ तपासणीची नसते, कामाची असते. "विणकर, वीव्हिंग शेड, आठ तासांची पाळी, रात्रपाळी फिरती, सतत आवाज, सुताचं तूस, तुटलेला धागा जवळून पाहून सांधावा लागतो." एवढं लिहिलं की पुढची प्रत्येक नोंद कशाच्या तुलनेत वाचायची ते ठरतं. कारखान्याने फक्त "हेल्पर" असं लिहून पाठवलं असेल, तर फोन करून विचारा. हेल्पर गोदामातही असतो आणि मागाजवळही, आणि दोघांची कानाची गरज वेगळी असते.

नंतर जुनी नोकरी विचारा. किती वर्षं, कुठल्या मागावर, शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागायचं का? हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल, तर तिथला आवाज कानाला धोक्याचा होता असं धरायला हरकत नाही. आमच्याकडे पूर्व भागातले बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात. मराठीत "काही त्रास?" विचारलं की "नाही" एवढंच उत्तर येतं. तोच प्रश्न आमच्या तेलुगू बोलणाऱ्या सिस्टर विचारतात तेव्हा खोकला, दम, कानातली शिट्टी सगळं बाहेर येतं.

डोळे

हा भाग लवकर उरकतो. दूरची नजर चष्म्याविना आणि चष्म्यासह, दोन्ही डोळे वेगवेगळे. आपल्या कामगाराची उजवी ६/१२, डावी ६/१८. चष्म्याने उजवी ६/६, डावी ६/९. जवळची नजर चष्म्याविना एन १२, चष्म्याने एन ६. रंग ओळखण्याची चाचणी बरोबर.

या वयात जवळचं अंधुक होणं स्वाभाविक आहे, पण धागा सांधण्यासाठी जवळचीच नजर लागते. म्हणून फक्त "दृष्टी ६/६" लिहून सोडू नका. निष्कर्ष असा लिहा: "दूरचं आणि जवळचं दोन्हींसाठी चष्मा लावूनच काम करावं." चाचणीच्या वेळी कामगाराने खिशातला स्वतःचा चष्मा लावला की शेजाऱ्याचा, हेही पाहा. दोनदा मला शेजाऱ्याचा चष्मा सापडला आहे.

कान: सरासरीवर विसंबू नका

तपासणीच्या आधी किमान १४ तास माणूस मोठ्या आवाजापासून दूर असायला हवा. आदल्या रात्री जुन्या मागावर पाळी करून सकाळी तो तपासणीला आला, तर कान तात्पुरता बधिर असतो आणि आलेख खरा वाटेल इतका वाईट येतो. तशी चाचणी घेऊ नका, दुसरा दिवस द्या. आधी कानात बॅटरी टाकून मळ पाहा. आणि खोलीतला पंखा बंद करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सांगणं जीवावर येतं, पण पंख्याचा आवाज खालच्या, म्हणजे ५०० आणि १००० हर्ट्झच्या सुरांवर बसतो आणि ते सूर उगीचच ३०-३५ डेसिबल दिसतात. हा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. ऐकण्याची काही तक्रार नसलेल्या माणसाच्या खालच्या सुरांचे आकडे दोन्ही कानांत वाढलेले दिसले, तर माणसाआधी खोलीवर संशय घ्या.

आपल्या कामगाराचा आलेख, आकडे डेसिबलमध्ये:

| सूर (हर्ट्झ) | उजवा | डावा |
|---|---|---|
| ५०० | १५ | १५ |
| १००० | १५ | २० |
| २००० | २० | २० |
| ३००० | ३५ | ३५ |
| ४००० | ५० | ५५ |
| ६००० | ४५ | ४५ |
| ८००० | २५ | ३० |

नेहमीच्या पद्धतीने ५००, १००० आणि २००० या तीन सुरांची सरासरी काढली, तर उजवा कान साधारण १७ आणि डावा १८. २५ च्या आत, म्हणजे "सामान्य". बोलणं त्याला समजतं, हाक ऐकू येते. पण ४००० कडे पाहा. तिथे खड्डा आहे आणि ८००० ला आलेख पुन्हा वर येतो. आवाजाने झालेल्या इजेची ही ठेवण आहे. वयामुळे कमी झालेलं ऐकू येणं ८००० कडे उतरतच जातं, परत चढत नाही. दोन्ही कान जवळजवळ सारखे आहेत, हेही आवाजाशी जुळतं. एकच कान खूप खाली असता तर "आवाजाने" असं लिहिण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागलं असतं.

सुरुवातीच्या काळात मी अशाच एका माणसाच्या सारांशात सरासरी पाहून "श्रवण सामान्य" लिहिलं. वर्षभराने पुढची चाचणी झाली, खड्डा दिसला, आणि कामगार म्हणाला की हे इथेच झालं. कारखाना म्हणाला, रुजू होताना तुमच्याच डॉक्टरांनी सामान्य लिहिलंय. आलेखाचा मूळ कागद मी जोडला नव्हता. जुना खड्डा की नवा, हे कोणालाच सिद्ध करता आलं नाही. आवाजाने आलेलं बहिरेपण कायद्याने कळवायच्या आजारांत आहे, त्यामुळे ही नोंद पुढे भरपाईपर्यंत जाऊ शकते. तेव्हापासून मी सातही सुरांचे आकडे सारांशातच लिहितो आणि २०००, ३०००, ४००० यांची वेगळी सरासरी काढून ठेवतो. आपल्या कामगाराची ती उजवीकडे ३५, डावीकडे साधारण ३७ आहे. पुढच्या चाचणीत हीच सरासरी एखाद्या कानात १० डेसिबलने वाढली, तर नव्या शेडमध्ये कान आणखी बिघडतोय असं समजायचं.

फुप्फुसं

मशीनमध्ये उंची मोजून घाला, विचारून नाही. चप्पल काढून मोजा. अपेक्षित आकडा उंची आणि वयावरून निघतो, त्यामुळे पाच सेंटीमीटरची चूक सगळे टक्के फिरवते. मशीनमध्ये कोणत्या लोकांचे प्रमाण आकडे निवडलेत तेही पाहा आणि सारांशात लिहा. युरोपीय आकड्यांशी तुलना केली तर आपल्या लोकांचे टक्के कमी दिसतात आणि धडधाकट माणूस आजारी ठरतो.

फुंकायला सांगताना तीन नीट फुंका मिळायला हव्यात. सुरुवात झटक्यात झालेली असावी, पहिल्या सेकंदात खोकला नसावा, आणि शेवटपर्यंत, साधारण सहा सेकंद, हवा निघत राहावी. आपल्या कामगाराच्या तीन फुंकांत पहिल्या सेकंदाची हवा, म्हणजे एफईव्ही-१, २.२८, २.३५ आणि २.३१ लिटर आली. पूर्ण हवा, म्हणजे एफव्हीसी, ३.१२, ३.२० आणि ३.१५. सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत ५० मिलीपर्यंतच फरक आहे. १५० मिलीपर्यंत चालतो, म्हणजे चाचणी विश्वासाची. मोठे आकडे घ्यायचे: २.३५ आणि ३.२०. दोन्हींचं गुणोत्तर ७३ टक्के. मशीनच्या अपेक्षेच्या तुलनेत एफईव्ही-१ ८२ टक्के, एफव्हीसी ९१ टक्के. सामान्य, पण काठावरचं. दोन वर्षांपूर्वी सोडलेली बिडी त्यात असावी. आणि ११ वर्षांचं तूस नसेलच असं म्हणता येत नाही.

कापसाच्या तुसाने होणाऱ्या बिसिनोसिसची खूण मशीनवर नाही, बोलण्यात सापडते. सिस्टरनी विचारलं, "मामा, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेल्यावर छाती जड होते का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी होते का?" ते म्हणाले, "पूर्वी व्हायची, बिडी सोडल्यावर नाही." हे उत्तर जसंच्या तसं लिहा. पुढे सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी आणि पाळी संपल्यावर पुन्हा फुंकायला लावायचं. अमेरिकेच्या कापूस-धुळीच्या नियमात एफईव्ही-१ पाच टक्के किंवा २०० मिलीने घटला की लक्ष ठेवायला सांगितलं आहे. आपल्या कामगाराचे पाच टक्के म्हणजे जेमतेम १२० मिली, म्हणून तेव्हाच्या फुंका आजच्यासारख्याच एकमेकांच्या जवळ आल्या तरच त्या घटीला अर्थ आहे.

पात्रतेचा वर्ग

आम्ही चार वर्ग वापरतो: योग्य, अटींसह योग्य, तूर्त अयोग्य, आणि त्या कामासाठी अयोग्य. "त्या कामासाठी" हे शब्द गाळू नका. मागावर न चालणारा माणूस फोल्डिंग-पॅकिंगमध्ये उत्तम काम करू शकतो. रक्तदाब खूप वर असेल किंवा कानात मळ असेल, तर तो "तूर्त अयोग्य", पुन्हा कधी यायचं त्या तारखेसह.

आपल्या कामगाराचा रक्तदाब १२८/८२, साखर ठीक. खड्डा असूनही त्याला नाकारणं मला पटत नाही. त्याचं कसब मागावरचं आहे आणि जे ऐकू येतं ते वाचवता येतं. पण अटी नेमक्या हव्यात. "काळजी घ्यावी" ही अट नव्हे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि आधीच खराब झालेल्या कानाला तिथवरही थांबू नये, असं माझं मत. त्याचा सारांश असा झाला:

> काम: विणकर, वीव्हिंग शेड. याआधी ११ वर्षं शटलच्या मागावर, मोठ्या आवाजात.
> दृष्टी: चष्म्यासह ६/६ आणि ६/९, जवळची एन ६, रंगज्ञान सामान्य.
> श्रवण: बोलण्याच्या सुरांत सामान्य. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झला ५० आणि ५५ डेसिबल, रुजू होण्याआधीपासून. ५०० ते ८००० हर्ट्झचे सातही आकडे: उजवा १५, १५, २०, ३५, ५०, ४५, २५; डावा १५, २०, २०, ३५, ५५, ४५, ३०. आलेख जोडला आहे.
> श्वसन: एफईव्ही-१ २.३५ लिटर (८२%), गुणोत्तर ७३%. सध्या छाती जड होत नाही.
> वर्ग: अटींसह योग्य.
> अटी: शेडमध्ये सतत कानाचे प्लग, घालण्याची रीत दाखवून. चष्मा लावून काम. तीन महिन्यांनी कान, तसंच सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी व नंतर फुप्फुसाची चाचणी.

कारखान्याच्या कार्यालयात यातला फक्त काम, वर्ग आणि अटींचा भाग पाठवा. आकडे, बिडी, छातीबद्दलचं बोलणं आपल्या फाइलमध्ये राहतं. कामगाराला मात्र पूर्ण प्रत द्या, आलेखासह, आणि ती वाचून दाखवा. आमच्या मामांनी ती घडी घालून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवली.