जर्मनी सोडताना चोवीस महिन्यांचा इंटरनेट करार कसा संपवावा

जर्मनीत घरच्या ब्रॉडबँडचा करार बहुतेक वेळा चोवीस महिन्यांचा असतो. म्युनिक, स्टुटगार्ट किंवा बर्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींची मध्येच नेदरलँड्सला बदली होते, किंवा कोणी पुण्याला परततो. मग प्रश्न येतो : उरलेल्या महिन्यांचे काय? करार वेळेआधी मोडण्याचा ठरावीक दंड सहसा नसतो, पण करार चालू राहिला तर मुदत संपेपर्यंतचे मासिक शुल्क मागितले जाते. हे पैसे वाचवणारे कलम जर्मन दूरसंचार कायद्यातच आहे आणि ते माहीत नसल्यामुळे लोक निमूटपणे भरून मोकळे होतात, याचे मला फार वाईट वाटते.

हे कलम म्हणजे दूरसंचार कायद्याचे, TKG चे, कलम ६०. ग्राहकाने घर बदलले आणि नव्या राहत्या ठिकाणी कंपनी ती सेवा देत नसेल, तर एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येतो. उरलेल्या महिन्यांचे शुल्क द्यावे लागत नाही. परदेशी जाणाऱ्यालाही हाच नियम उपयोगी पडतो, कारण जर्मन कंपनी आइंडहोव्हनच्या किंवा कोथरूडच्या घरात तार आणून देत नाही. त्याच नावाची कंपनी दुसऱ्या देशात असली, तरी तुमचा करार जर्मनीतल्या कंपनीशी आहे, हे लक्षात ठेवा.

डिसेंबर २०२१ पूर्वी नोटीस तीन महिन्यांची होती. जुने लेख वाचून किंवा जुन्या मित्राचे ऐकून अजूनही अनेकजण तीन महिन्यांचे पैसे भरायची तयारी ठेवतात. आता तसे नाही. शिवाय नोटीस आधीच पाठवून करार घर सोडण्याच्या तारखेलाच संपवता येतो.

एका उदाहरणाने हिशेब

समजा, करार १ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाला, महिन्याला ४० युरो, मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत. तुम्ही ३० सप्टेंबर २०२५ ला घर सोडणार आहात. काहीच केले नाही, तर ऑक्टोबरपासून पुढचे सोळा महिने, म्हणजे ६४० युरो, तुमच्या खात्यातून जात राहतील. नोटीस कंपनीला ३० ऑगस्टपर्यंत पोहोचली, तर ३० सप्टेंबरला करार संपतो आणि पुढे देणे उरत नाही. तीच नोटीस २० सप्टेंबरला पोहोचली, तर करार २० ऑक्टोबरपर्यंत चालतो, म्हणजे साधारण २६ युरो जास्त. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, तेवढे दिवस तेवढे वाढतात.

म्हणून घरमालकाला घर सोडत असल्याचे कळवाल, त्याच आठवड्यात इंटरनेट कंपनीलाही कळवा.

नोटीस कशी लिहावी

फोनवर सांगून भागत नाही. लेखी हवे, पण ई-मेल पुरेसा आहे. मजकूर जर्मनमध्ये आणि थोडक्यात असावा :

```
Hiermit kündige ich meinen Vertrag, Kundennummer …,
gemäß § 60 Abs. 2 TKG wegen Umzugs ins Ausland
zum 30.09.2025. Die Leistung wird an meinem neuen
Wohnsitz nicht angeboten. Bitte bestätigen Sie mir
das Vertragsende in Textform.
```

यात ग्राहक क्रमांक, कलम, कारण आणि तारीख या चारही गोष्टी आल्या आहेत. यातली एकही गाळू नका. नवा पत्ता ठरला असेल तर तोही द्या.

ऑनलाइन करार करू देणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर जुलै २०२२ पासून Verträge hier kündigen असे बटण असावे लागते. तेही वापरता येते, मात्र तिथे एक जागा जपायची आहे. करार साधेपणाने संपवायचा की खास कारणाने, असे विचारले जाते. खास कारणासाठीचा शब्द außerordentlich. तो निवडून कारणाच्या चौकटीत Umzug ins Ausland लिहा. साधा पर्याय निवडला, तर नोटीस मूळ मुदतीसाठीच नोंदवली जाईल.

आणि ही गफलत ई-मेलनेही होते. कंपनीकडून ‘तुमचा करार संपवत आहोत’ असे गोड पत्र येते, आपण निश्चिंत होतो, पण त्यात तारीख ३१.०१.२०२७ असते. त्यामुळे पुष्टिपत्र आले की आधी फक्त तारीख पाहा. ती चुकीची असेल तर त्याच दिवशी उत्तर पाठवा, कलम ६० चा पुन्हा उल्लेख करा आणि योग्य तारीख मागा.

पुरावा आणि वेळेचा पेच

कंपनी बहुधा पुरावा म्हणून महापालिकेच्या नागरिक कार्यालयाकडून मिळणारा, तिथली वास्तव्याची नोंद रद्द केल्याचा दाखला मागते. त्याला Abmeldebestätigung म्हणतात. हा दाखला घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी काढता येतो आणि घर सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत नोंद रद्द करावीच लागते. म्हणजे नोटीस पाठवताना तो हाती नसतोच. त्यासाठी थांबलात, तर महिना हातचा जातो. नोटीस आधी पाठवा, ‘दाखला मिळताच पाठवतो’ असे त्यातच लिहा, आणि तोवर नोकरीच्या नव्या कराराची किंवा घरमालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत जोडा. पगाराचा आकडा झाकला तरी चालतो.

हा हक्क खरोखर राहते घर बदलणाऱ्याचा आहे. बायको-मुले त्याच घरात राहणार असतील आणि एकट्यालाच जायचे असेल, तर या कलमाचा आधार घेता येईलच असे नाही. तेव्हा करार घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर करून घेणे सोयीचे.

निघण्याआधी

राउटर भाड्याचा असेल तर पार्सलने परत पाठवा आणि टपालाची पावती जपून ठेवा, नाहीतर त्याची किंमत बिलात लागते. जर्मन बँक खाते शेवटचे बिल येईपर्यंत बंद करू नका. त्यानंतरही पैसे कापले गेले, तर कापल्यापासून आठ आठवड्यांत बँकेला सांगून परत घेता येतात. पण त्याआधी कंपनीला लेखी हरकत कळवा. न बोलता पैसे परत घेतले, तर प्रकरण वसुली कंपनीकडे जाते. लेखी हरकत असलेली थकबाकी शूफा या पतनोंद संस्थेला कळवता येत नाही, म्हणून ते पत्र मोलाचे.

कंपनी ऐकतच नसेल, तर बुंडेसनेट्झआगेंटुअर या नियामक संस्थेकडे दूरसंचार वादांसाठी मध्यस्थी कार्यालय आहे. अर्ज विनाशुल्क आहे. आधी कंपनीशी लेखी प्रयत्न केलेला असावा लागतो, आणि मध्यस्थीत यायचे की नाही हे कंपनीच्या मर्जीवर असते.

मोबाइलचे वेगळे

मोबाइल करार घराच्या पत्त्याला बांधलेला नसतो, म्हणून कंपन्या हे कलम तिथे सहसा मानत नाहीत. त्यावर विसंबू नका. आधी मूळ मुदतीअखेरची नोटीस आजच देऊन ठेवा, म्हणजे करार पुढे लांबणार नाही. मग कंपनीला विचारा : स्वस्त योजनेत जाता येईल का, एकरकमी काही देऊन करार संपवता येईल का, किंवा जर्मनीत राहणाऱ्या एखाद्या मित्राच्या नावावर तो करता येईल का? नावावर करून देणे हा बहुधा सर्वांत स्वस्त मार्ग. हप्त्यावर घेतलेल्या फोनचे पैसे मात्र कुठल्याही वाटेने गेलात तरी द्यावेच लागतात.

युरोपीय संघातच दुसऱ्या देशात जात असाल, तर ‘रोमिंग फुकट आहे, तेच सिम वापरू’ असा विचार मनात येतो. चार महिन्यांच्या काळात तुमचा मुक्काम आणि वापर मुख्यतः परदेशात दिसला, तर कंपनी इशारा देऊ शकते, आणि तरीही चौदा दिवसांत फरक पडला नाही तर जादा शुल्क लावू शकते. उरलेली मुदत दोन-तीन महिन्यांची असेल तर ते सिम वापरून संपवा. वर्षभराची असेल, तर निघण्याआधीच करार दुसऱ्याच्या नावावर करा.