पडद्यावर स्वतःची ओळख करून देताना

नोकरीतल्या पहिल्याच ऑनलाइन बैठकीत मी उत्साहाने नाव सांगून ओळख सुरू केली आणि बोलून झाल्यावर एका सहकाऱ्याने विचारले, "आपले नाव काय म्हणालात?" माइक सुरू होऊन आवाज पलीकडे पोहोचेपर्यंत आणि बोलणाऱ्याचा चेहरा इतरांच्या पडद्यावर मोठा होईपर्यंत क्षणभर जातो, आणि माझे नाव नेमके त्याच क्षणात विरून गेले होते. तेव्हापासून मी पहिले वाक्य मुद्दाम असे ठेवते, की ते हरवले तरी काही बिघडत नाही.

सध्या मी वापरते ती ओळख अशी आहे: "नमस्कार, मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल आभार. मी अनघा. गेली तीन वर्षे मी ग्राहकांच्या तक्रारींची नोंद आणि त्यांचे विश्लेषण करते आहे. या प्रकल्पात चाचणीदरम्यान येणाऱ्या तक्रारींचा आढावा दर शुक्रवारी मी आपल्याला पाठवीन. त्यासंबंधी काही विचारायचे असल्यास मला, म्हणजे अनघाला, थेट संदेश पाठवावा." सावकाश बोलले तरी हे अर्ध्या मिनिटात संपते. नाव दोनदा येते आणि काम एकाच ठोस वाक्यात कळते. शिक्षण, छंद आणि जुन्या नोकऱ्यांची यादी मी गाळली, कारण पडद्यावर ऐकणाऱ्याचे लक्ष फार लवकर दुसऱ्या खिडकीकडे वळते.

हा मजकूर पाठ करण्यापेक्षा मोठ्या अक्षरांतल्या चार-पाच शब्दांची चिठ्ठी कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवावी. चिठ्ठी टेबलावर ठेवली, तर पापण्या खाली झुकतात आणि आपण वाचतो आहोत हे लगेच उघड होते. लॅपटॉपखाली पुस्तके ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा. खिडकी पाठीमागे असेल, तर कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसावे.

आवाजाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त त्रास पंख्याने दिला. पंख्याची एकसुरी घरघर बैठकीचे सॉफ्टवेअर बरीचशी गाळून टाकते, पण ते करताना हळू उच्चारलेली अक्षरेही कापली जातात आणि शब्द तुटक ऐकू येतात. म्हणून ओळखीपुरता पंखा बंद करणे आणि माइक तोंडाच्या जवळ, पण श्वासाच्या थेट वाटेत नाही असा ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. वायरच्या इअरफोनचा माइक ओढणीला किंवा कॉलरला घासला, तर ती खरखर आपल्याला कळत नाही, ऐकणाऱ्यांना मात्र सतत जाणवते. हे तपासण्यासाठी त्याच खोलीत, त्याच वेळी, एकट्यानेच बैठक सुरू करून अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करावे आणि ते पडद्याकडे न पाहता ऐकावे.

शेवटचा शब्द उच्चारल्यावर मनात दोन अंक मोजावेत आणि मगच माइक बंद करावा, नाहीतर वाक्याची शेपटी कापली जाते आणि सूत्रसंचालकाला आपले बोलणे संपले की जोडणी तुटली, हे कळत नाही.