नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चॅट येत नाहीत? या चुका टाळा

कोथरूडच्या माझ्या मावशीने बुधवार पेठेतून नवा अँड्रॉइड फोन घेतला. दुकानातल्या मुलाने तिथेच फोन सुरू करून दिला, व्हॉट्सअ‍ॅपही टाकलं. घरी येऊन बघते तर भजनी मंडळाचा ग्रुप आहे, पण आत एकही जुना मेसेज नाही. अशा वेळी घाईने एक बटण दाबलं की चांगला बॅकअप कायमचा जाऊ शकतो, म्हणून हे नीट वाचा.

घोळ अकाउंटचा होता. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप मोबाईल नंबर आणि गुगल अकाउंट या जोडीला बांधलेला असतो. नंबर तोच होता, पण मावशीला पासवर्ड आठवेना म्हणून त्या मुलाने नवा जीमेल आयडी उघडला होता. त्या नव्या अकाउंटमध्ये बॅकअप कुठून असणार? व्हॉट्सअ‍ॅपला काही सापडलं नाही आणि त्या मुलाने पुढे जायचं बटण दाबलं.

आता मोठी चूक कोणती, तर अकाउंट चुकलंय हे कळल्यावर Settings → Chats → Chat backup मध्ये जाऊन जुनं अकाउंट निवडायचं आणि Back up दाबायचं. त्या बटणाने जुने चॅट खाली येत नाहीत. नव्या फोनवरचं जवळपास रिकामं व्हॉट्सअ‍ॅप वर जातं आणि जुन्या बॅकअपच्या जागी बसतं. एका नंबरचा एका अकाउंटवर एकच बॅकअप राहतो, आधीचा परत मिळत नाही. मावशीच्या बाबतीत अकाउंट वेगळं होतं, म्हणूनच तिचा जुना बॅकअप रात्रीच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमधूनही वाचला.

पण तो बॅकअप तरी ताजा होता का? जुन्या फोनवर Chat backup उघडलं तर शेवटची तारीख काही महिन्यांपूर्वीची. नंतरचे सगळे प्रयत्न अर्धवट राहिले होते. कारण जागा. पूर्वी अँड्रॉइडवर हा बॅकअप गुगलच्या जागेत मोजला जात नसे. २०२४ पासून तो फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो, आणि त्याच १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोजही असतात. मावशीचे फोटोच ११ जीबी होते, मेल दोनेक जीबी. व्हिडिओंसकट बॅकअप चार जीबीचा, तो मावणार कसा?

बॅकअप कुठल्या टप्प्यावर थांबतो ते बघितलं की कारण कळतं. सुरुवातीला तो फोनमध्येच तयार होतो. तिथेच अडकला तर फोनची मेमरी भरलेली असण्याची शक्यता जास्त. अपलोड सुरू होऊन मध्येच थांबला तर वायफाय, बॅटरी सेव्हर किंवा अकाउंटमधली जागा तपासा. पहिला मोठा बॅकअप असेल तर फोन चार्जिंगला लावून रात्रभर वायफायवर राहू द्या. टक्केवारी हळू सरकतेय म्हणून मध्येच बंद करू नका.

आम्ही मावशीचा जुना फोन पुन्हा हातात घेतला. नवीन फोनवर नंबर चालू झाला की जुना लॉगआउट होतो, पण त्यातले चॅट पुसले जात नाहीत. त्यामुळे जुना फोन लगेच रीसेट करायचा नाही, एक्स्चेंजमध्येही द्यायचा नाही. जुन्यावर नंबर पुन्हा व्हेरिफाय केला आणि Include videos बंद केलं, तर बॅकअप एक जीबीच्या आत आला. नको असलेले फोटो काढून गुगल फोटोजची कचरापेटीही रिकामी केली. हे विसरलं तर तिथले फोटो ६० दिवसांपर्यंत जागा अडवून बसतात. मग बॅकअप पूर्ण झाला आणि आजची तारीख दिसली. वगळलेले व्हिडिओ नव्या फोनवर येणार नव्हते, म्हणून ते केबलने लॅपटॉपवर काढून घेतले.

आता नवा फोन. आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये जुनं गुगल अकाउंट जोडलं. मग व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, कारण रिस्टोअरचा पर्याय नंबर व्हेरिफाय केल्यावरच समोर येतो, नंतर मेनूत सापडत नाही. नव्या फोनवर मधल्या काळात आलेले मेसेज यात पुसले जातात, तेव्हा कामाचं काही असेल तर आधी टिपून ठेवा. Restore दाबण्यापूर्वी स्क्रीनवरची तारीख आणि आकार बघा. काही केबींचा बॅकअप दिसला तर तो नव्या फोनचा आहे, तिथेच थांबून अकाउंट तपासा. आधी मेसेज येतात, फोटो नंतर मागून उतरत राहतात. सगळं मावेल इतकी जागा नव्या फोनमध्येही हवी.

दोन्ही अँड्रॉइड फोन हातात असतील तर ड्राइव्हच्या वाटेलाच जायची गरज नाही. जुन्या फोनवर Settings → Chats → Transfer chats उघडून क्यूआर कोडने चॅट थेट हलवता येतात, व्हिडिओंसकट. आणि आयफोन घेणार असाल तर गुगलवरचा बॅकअप तिथे चालतच नाही, त्यासाठी अ‍ॅपलचं Move to iOS वापरावं लागतं.

एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंक-अक्षरांची की कागदावर लिहून घरात ठेवा. ती हरवली तर तो बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपलाही उघडता येत नाही.