साप्ताहिक सुट्टीची नवी पाळी लावताय? नोटिशीतल्या या चुका टाळा

सोमवारी बंद, मंगळवारी बंद अशी पाटी बाजारपेठेतल्या दुकानांवर वर्षानुवर्षं असायची. १९४८ च्या जुन्या कायद्यात दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे, त्यामुळे कामगाराच्या सुट्टीचा प्रश्न आपोआप सुटायचा. १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा आला आणि दुकान बारा महिने तीसही दिवस उघडं ठेवायला परवानगी मिळाली. अट अशी की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. त्यामुळे बंदचा वार गेला आणि पाळीची सुट्टी आली. मालक मग एक कागद चिकटवतात: ‘सर्व कामगारांना कळविण्यात येते की, यापुढे दुकान सातही दिवस चालू राहील. सुट्टी पाळीपाळीने मिळेल.’ बहुतेक भांडणं या शेवटच्या वाक्यातून निघतात.

पाळी कुठल्या दिशेने सरकते हेच न बघणं

ही चूक कागदावर दिसत नाही, म्हणून आधी तीच घेतो. आठवडा सोमवार ते रविवार धरा आणि सुट्टी दर आठवड्याला एक वार मागे आणा. पहिल्या आठवड्यात रविवार, मग शनिवार, शुक्रवार असं करत सातव्या आठवड्यात सोमवार. प्रत्येक आठवड्यात एक सुट्टी पडते, मस्टर नीट दिसतं. पण सोमवारच्या सुट्टीनंतर पुढच्या आठवड्यात फिरून रविवार येतो. म्हणजे मंगळवारपासून पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत तो माणूस सलग १२ दिवस कामावर. दहाव्या दिवशी तो ‘बरं वाटत नाही’ म्हणून घरी राहतो आणि मालक म्हणतो, माणसं टिकत नाहीत.

हीच पाळी पुढे सरकवली, सोमवारनंतर मंगळवार, मग बुधवार, की दोन सुट्ट्यांमध्ये ७ दिवस काम येतं आणि शेवटी रविवार-सोमवार जोडून मिळतात. सुट्ट्या तेवढ्याच, मालकाचा खर्चही तेवढाच, पण १२ दिवसांचा तो पट्टा उरत नाही. म्हणून पाळी नेहमी पुढे सरकवा आणि आठवडा कुठल्या वारी सुरू होतो ते नोटिशीत लिहा. ते लिहिलं नाही तर ‘या आठवड्याची सुट्टी’ म्हणजे नक्की कोणती, यावर दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या ठरतात.

जुन्यातून नव्यात जाताना सांधा न बघणं

एक उदाहरण पूर्ण करून बघू. तालुक्याच्या गावातलं कापडाचं दुकान आहे. सहा माणसं: गल्ल्यावर एक, साडी विभागात दोघी, रेडीमेडला दोघे आणि गोदामात एक मदतनीस. आतापर्यंत दुकान सोमवारी बंद असे. शनिवारी आठवडी बाजार, त्या दिवशी सगळे हवेतच. उरले सहा वार आणि माणसं सहा, रोज एक जण सुट्टीवर. आठवडा रविवार ते शनिवार. सोमवारचा शेवटचा बंद १ जून २०२६, नवी पाळी रविवार ७ जूनपासून.

आता ज्याच्या वाट्याला शुक्रवार आला त्याचं बघा. त्याची शेवटची सुट्टी १ जूनला झाली आणि पुढची थेट १२ जूनला. मधे सलग १० दिवस. गुरुवारवालीचे ९ होतात, बुधवारवाल्याचे ८. नव्या पद्धतीचा पहिलाच अनुभव असा आला की पुढे ती कितीही बरी असली तरी ‘मालकाने सुट्टी खाल्ली’ हेच डोक्यात राहतं. उपाय स्वस्त आहे. या तिघांना पाळी सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे ३, ४ आणि ५ जूनला, आपापल्या वारी एकेक जादा सुट्टी द्या. दुकानाला तीन दिवसांची हजेरी कमी पडते, तीही एकदाच.

आधी बंदचा वार नव्हता आणि प्रत्येकाचा वार ठरलेला होता, तिथेही हाच हिशोब करायचा: प्रत्येकाची शेवटची जुनी सुट्टी आणि पहिली नवी सुट्टी यांच्यामध्ये किती दिवस पडतात ते बोटावर मोजून बघा. सातच्या वर गेलं की मधे एक सुट्टी घाला.

दर आठवड्याला वार बदलणं

रविवार सगळ्यांना हवा असतो. म्हणून मालक दर आठवड्याला वार फिरवतात, म्हणजे सहा आठवड्यांत प्रत्येकाला एक रविवार. न्याय होतो, पण दर वेळी वार बदलल्यामुळे जवळपास प्रत्येक वेळी दोन सुट्ट्यांमध्ये ६ ऐवजी ७ दिवस येतात, आणि बचत गटाची बैठक, मुलाची शाळेतली पालकसभा, गावाकडची फेरी यातलं काहीच जुळत नाही. महिनाभर एकच वार ठेवला तर जुळवाजुळव सोपी होते, पण रविवारासाठी जवळजवळ सहा महिने थांबावं लागतं आणि लगनसराईत ते चालत नाही. माझ्या मते सहा माणसांच्या दुकानाला पंधरवडा बरा. लागोपाठ दोन रविवार मिळतात, बारा आठवड्यांत फेरा पुरा होतो. एखाद्याला दवाखान्याच्या ठरलेल्या फेऱ्यांसाठी कायम एकच वार लागत असेल तर त्याला पाळीच्या बाहेर काढा आणि तसं नोटिशीतच लिहा, म्हणजे बाकीच्यांना ते लाड वाटत नाहीत.

या दुकानाची नोटीस मग अशी होते. भिंतीवर लावताना कामाऐवजी नावं घालायची.

*सर्व कामगारांसाठी सूचना*

*रविवार दि. ७ जून २०२६ पासून दुकान सातही दिवस चालू राहील. सोमवारचा बंद दि. १ जून रोजी शेवटचा. आठवडा रविवार ते शनिवार धरला जाईल. शनिवारी बाजारामुळे कोणालाही साप्ताहिक सुट्टी नाही.*

*दि. ७ ते २० जून: रविवार – साडी विभाग (पहिल्या), सोमवार – मदतनीस, मंगळवार – रेडीमेड (पहिले), बुधवार – गल्ला, गुरुवार – साडी विभाग (दुसऱ्या), शुक्रवार – रेडीमेड (दुसरे).*

*दि. २१ जूनपासून दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाचा वार एकाने पुढे जाईल. शुक्रवारनंतर रविवार येईल. गल्ल्याच्या सुट्टीच्या दिवशी गल्ला साडी विभागातल्या पहिल्या सांभाळतील. बुधवार, गुरुवार व शुक्रवारवाल्यांना अनुक्रमे ३, ४ व ५ जून रोजी एक जादा सुट्टी राहील.*

*साप्ताहिक सुट्टीचा पगार कापला जाणार नाही.*

पगाराची ओळ मुद्दाम घाला. कोणी न विचारता प्रत्येकाच्या मनात असलेला प्रश्न तोच असतो. आणि गल्ल्याची ओळ विसरलात तर बुधवारी सकाळी दहा वाजता चाव्या कोणाकडे, यावरून सुट्टीवरच्या माणसाला फोन जाणारच.

सुट्टीच्या दिवशी ‘जरा तासभर ये’ म्हणणं

माल उतरवायला, किल्ली द्यायला, एखादं जुनं गिऱ्हाईक आलंय म्हणून. मालकाला तो तास वाटतो, पण कायदा सलग २४ तास मागतो. रात्री नऊला दुकान बंद झालं आणि परवा सकाळी दहाला माणूस आला तर मधे ३७ तास मिळतात. त्यात दुपारी बाराला तासभर बोलावलं की आधी १५ तास आणि नंतर २१ तास उरतात. दोन्ही २४ च्या आत. म्हणजे ती सुट्टी दिलीच गेली नाही. अशी सुट्टी बुडाली तर तिच्याबदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यायची असते. ‘बघू नंतर’ न म्हणता त्याच दिवशी बदली सुट्टीची तारीख मस्टरमध्ये लिहा. माल ठरावीक वारी येत असेल तर मदतनीसाचा वार त्या दिवशी पडतोय का हे पाळी लावतानाच तपासा. वरच्या दुकानात ट्रान्सपोर्टचा माल सोमवारी येत असेल, तर मदतनीसाला पहिला वार सोमवार देणंच चुकलं.

तोंडी अदलाबदल

अदलाबदलीला सरसकट बंदी घातली तर माणसं खोटं कारण सांगून दांडी मारतात, त्यापेक्षा परवानगी देऊन हिशोब ठेवलेला बरा. पण मोकळी सोडली की पुन्हा तोच लांब पट्टा तयार होतो. रविवारवालीने १४ जूनची सुट्टी शुक्रवारवाल्याला देऊन त्याची १९ जून घेतली असं समजा. दोघं खूश. पण तिची आधीची सुट्टी ७ जूनला झालेली, म्हणजे ८ ते १८ जून सलग ११ दिवस. अशा वेळी मालकाने हो म्हणण्याआधी दोघांच्याही आधीच्या आणि पुढच्या तारखा बघाव्यात. शेजारशेजारचे वार बदलले तर क्वचितच अडतं. नियम एवढाच पुरतो: बदल त्याच आठवड्यात, आदल्या दिवशी दुपारपर्यंत वहीत दोघांच्या सह्या, आणि कोणाचेही सलग आठ दिवसांच्या वर काम होणार नाही. व्हॉट्सॲपवरचा अंगठा सही म्हणून धरू नका. सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो, आणि ज्याच्याकडे नसतो त्याचीच सुट्टी अशा बदलात हरवते.

सणाची सुट्टी आणि पाळीची सुट्टी एकच धरणं

२०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसात वर्षाच्या आधी ठरवायच्या आणखी चार. या साप्ताहिक सुट्टीपेक्षा वेगळ्या. छोट्या दुकानांना हा कायदा पूर्ण लागू होवो न होवो, कामगार याच मापाने मोजतो. ‘परवा दिवाळीची दिली ना, मग या आठवड्याची गेली’ असा हिशोब करू नका. सणाची सुट्टी नेमकी कोणाच्या पाळीच्या दिवशी पडली तर काय, हे आधीच ठरवा. २०२६ मध्ये २ ऑक्टोबर शुक्रवारी आहे. त्या पंधरवड्यात शुक्रवार ज्याचा असेल त्याला त्याच आठवड्यात दुसरा वार द्यायचा की नाही, हे सप्टेंबरातच सांगून टाका. आणि १५ ऑगस्ट येतो शनिवारी, म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी. झेंडावंदन करून दुकान उघडायचं की त्या दिवशी बंदच ठेवायचं, हा प्रश्न या दुकानाच्या मालकाला जूनची नोटीस लावतानाच पडायला हवा.