नेहमीच्या प्रश्नांचं पान तपासताना

वेबसाइटवरचं नेहमीच्या प्रश्नांचं पान तपासायचं काम नव्याने हाती आलेले बहुतेक जण ते पान उघडून भाषा सुधारायला बसतात. मी पान सर्वात शेवटी उघडते. आधी ग्राहकसेवेकडे गेल्या काही महिन्यांत आलेले ईमेल आणि चॅट वाचते. साइटवरच्या शोधात लोकांनी काय टाइप केलं त्याचीही यादी मागवते. ज्या शोधांना एकही उत्तर मिळालं नाही, ते त्यात सर्वात मोलाचे.

ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीच्या पानावर पहिलाच प्रश्न होता, 'आमचे परतावा धोरण काय आहे?' ग्राहक मात्र लिहीत होते, 'वस्तू परत करून आठवडा झाला, पैसे कुठे आहेत?' मी एक्सेलमध्ये असे संदेश ग्राहकांच्याच शब्दांत एकाखाली एक मांडले आणि प्रत्येकाशेजारी पानावरचा सर्वात जवळचा प्रश्न लिहिला. शेजारचा रकाना रिकामा राहिला, तर तो प्रश्न पानावर नाही. काही प्रश्नांच्या वाट्याला एकही संदेश येत नाही, पण ते लगेच काढू नका. उत्तर चांगलं असल्यामुळेही लोक लिहीत नसतील. तो प्रश्न किती जण उघडतात ते आधी बघा.

पैसे परत मिळण्याची मुदत त्या पानावर तीन ठिकाणी होती. एकीकडे 5 दिवस, दुसरीकडे 7 कामकाजाचे दिवस आणि तिसरीकडे नुसतंच 'लवकरच'. अशा जागा सापडायला पानावर 'दिवस', 'शुल्क', 'मुदत' हे शब्द शोधावेत. खरी मुदत कोणती, हे आपण ठरवायचं नसतं. मी लेखाविभागाला विचारलं, तेव्हा कळलं की 7 दिवस गोदामात वस्तूची तपासणी झाल्यावर मोजायला लागतात. हे एकाही उत्तरात नव्हतं आणि निम्मी चिडचिड त्यामुळेच होती. मग एकच पूर्ण उत्तर ठेवलं आणि बाकी दोन ठिकाणांहून तिथे दुवा दिला.

ते उत्तर 'रक्कम खात्यात जमा होईल' इथे संपत होतं. झाली नाही तर काय करायचं? म्हणून शेवटी जोडलं: 'आठव्या कामकाजाच्या दिवशीही रक्कम दिसत नसेल, तर ऑर्डर क्रमांकासह इथे लिहा. आम्ही व्यवहाराचा संदर्भ क्रमांक देऊ, तो बँकेला दाखवता येईल.' उत्तर किती वेळात येईल तेही ग्राहकसेवेला विचारून लिहिलं, कारण पाळता न येणारी मुदत छापली की त्याच माणसाचा दुसरा ईमेल येतो.

मदतीचा प्रत्येक दुवा खाजगी विंडोत, लॉगिन न करता, उघडून बघा. त्याच पानावर 'पासवर्ड चालत नाही' या प्रश्नाखाली तक्रारीचा फॉर्म दिला होता आणि तो लॉगिन केल्याशिवाय उघडतच नव्हता. ज्याला मदत हवी होती, नेमका तोच बाहेर राहत होता. फॉर्म खुला व्हायला वेळ लागणार होता, तोवर तिथे साधा ईमेल पत्ता टाकून घेतला.