धंद्याच्या वर्धापनदिनी भागीदाराला आभाराचं पत्र कसं लिहावं

आधी दिवस नक्की करा. भागीदारीपत्रावर एक तारीख असते, पहिल्या बिलावर दुसरी, आणि मुहूर्त बहुतेक वेळा पाडव्याचा. समजा, सांगलीच्या गणपती पेठेत दोघांनी २०१८ च्या पाडव्याला हळद पावडरीचा धंदा सुरू केला. तेव्हा पाडवा १८ मार्चला होता, पुढच्या वर्षी तो ६ एप्रिलला आला. भागीदार दरवर्षी ज्या दिवशी दुकानात नारळ फोडतो तोच दिवस धरा, मोबाइलमधली तारीख नको.

मग जुनी वही काढा. ‘तुमच्यामुळे धंदा उभा राहिला’ हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. आपल्याला हवा असतो एकच प्रसंग, ज्यात डोकं आणि कष्ट त्याचे होते आणि फायदा दोघांचा झाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, गणपती पेठेत पाणी शिरलं. पाणी चढायच्या आधीच भागीदारानं राजापुरी हळदीची पोती विश्रामबागेत हलवली असतील, तर वहीत हमाली आणि टेम्पोभाड्याची नोंद सापडेल. तिथून पत्र सुरू करा:

“भाऊ, पुराच्या आदल्या दिवशी कुणाला न विचारता तुम्ही टेम्पो बोलावलात. वहिनींनी पोत्यांसाठी घरची पुढची खोली रिकामी करून दिली. त्या दिवाळीला गिऱ्हाइकांना जो माल गेला, तो त्याच पोत्यांतला. तेव्हा धावपळीत बोलायचं राहिलं. तुमचे आणि वहिनींचे मनापासून आभार.”

एवढं पुरे. घरच्यांचा उल्लेख मात्र गाळू नका, कारण धंद्याची झळ त्यांना लागते आणि हिशेबात त्यांचं नाव कुठेच नसतं. लिहून झाल्यावर ‘पण’ आणि ‘मीही’ हे शब्द शोधा. सापडले तर समजा, आभाराच्या आडून हिशेब सुरू झाला आहे. ती वाक्यं खोडा. नफ्याची वाटणी किंवा नव्या कर्जाची सही हे विषयही त्या दिवशी काढू नका, नाहीतर पत्र त्यासाठीच लिहिलं असं वाटेल.

पत्र हातानं लिहा आणि कामगार यायच्या आधी हातात द्या. चारचौघांत बोलायचंच असेल तर कामाबद्दल बोला, घरचं पत्रातच राहू द्या. आपल्याकडची माणसं अशा वेळी अवघडतात. त्यानं लगेच आजच्या सौद्यातला भाव विचारला तर सांगून टाका, पत्र आवडलं का म्हणून खोदू नका.

भेट द्यायची असेल तर एक गोष्ट हमखास चुकते. घड्याळ फर्मच्या खात्यातून घेतलं आणि भागीदारी निम्मी-निम्मी असली, तर अर्धे पैसे त्याचेच गेले. खर्च स्वतःच्या खिशातून करा. फर्ममधून पैसे काढावेच लागले तर ती रक्कम तुमच्या नावावर उचल म्हणून लिहायला मुनीमजींना सांगा, दुकानखर्चात टाकू देऊ नका.