नेट बँकिंग लॉक झालंय? शाखेला अर्ज देताना या चुका टाळा

बँकेच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली. आता निवृत्त होऊन फोंड्यात राहतो, तरी ओळखीची माणसं अर्ज लिहून घ्यायला घरी येतात. त्यात हल्ली नेहमीचा अर्ज म्हणजे पासवर्ड तीनदा चुकून नेट बँकिंग लॉक झाल्याचा. खरं तर शाखेत हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण त्यासाठी माणसांच्या तीन-तीन खेपा होतात, आणि बहुतेक वेळा घोळ अर्जाच्या पहिल्याच ओळीत असतो.

जूनमध्ये कवळ्याच्या एक वहिनी आल्या होत्या. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. घरचे व्यवहार त्याच बघतात. वीज खात्याचं बिल भरायला बसल्या आणि पासवर्ड तीनदा चुकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाखेत अर्ज दिला: «माझे खाते ब्लॉक झाले आहे, तरी ते लवकरात लवकर अनब्लॉक करावे ही विनंती.» काउंटरवरच्या मुलाने खाते क्रमांक टाकून पाहिलं, तर खातं व्यवस्थित चालू. त्याला वाटलं केवायसीचं काहीतरी असेल, म्हणून आधार आणि पॅनच्या झेरॉक्स मागितल्या. त्या घेऊन वहिनी पुन्हा गेल्या, तेव्हा काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिने अर्ज वाचून एटीएम कार्ड ब्लॉक झालं असं समजून त्यांना कार्डाच्या टेबलाकडे पाठवलं. तिसऱ्या खेपेच्या आधी त्या माझ्याकडे आल्या. पावसात कवळ्याहून फोंड्याला दोन चकरा फुकट गेल्या होत्या.

यात त्या दोन मुलांचा तरी काय दोष? बँकेत «खातं ब्लॉक» म्हटलं की कर्मचाऱ्याच्या मनात पैसे काढण्यावर घातलेली बंदी येते. ती केवायसी थकली म्हणून असू शकते, पोलीस किंवा कोर्टाच्या पत्रावरून असू शकते, किंवा दोन वर्षांत ग्राहकाने स्वतः एकही व्यवहार न केल्यामुळे खातं निष्क्रिय झालेलं असू शकतं. कार्ड ब्लॉक ही आणखी वेगळी गोष्ट. तुमचं अडलेलं असतं ते या दोन्हींहून वेगळं. खातं ठीक असतं, कार्ड ठीक असतं, फक्त नेट बँकिंगचा युजर आयडी लॉक झालेला असतो. कर्मचाऱ्याला त्याचं बटण दुसऱ्याच स्क्रीनवर शोधावं लागतं, आणि अर्जात युजर आयडीचा उल्लेखच नसेल तर तो त्या स्क्रीनवर जाणार कशाला?

नेमकं काय अडलंय हे घरबसल्या कळतं. यूपीआयवरून कोणाला तरी दहा रुपये पाठवून बघा, किंवा एटीएममधून थोडे पैसे काढा. यूपीआयचा पिन वेगळा असतो, त्यामुळे नेट बँकिंगचा पासवर्ड चुकला म्हणून तो सहसा अडत नाही. हे चाललं तर लॉक फक्त नेट बँकिंगला आहे. यूपीआयही नाही आणि एटीएमही नाही, तर अडचण खात्याची आहे, आणि तिथे पासवर्डचा अर्ज देऊन काही होणार नाही.

अर्ज लिहायच्या आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा. कित्येक बँकांत तीन चुकांनंतरचा लॉक चोवीस तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतो. काही बँकांच्या लॉगिन पानावरच युजर अनलॉक करायची सोय असते, ओटीपी टाकून ते घरूनच होतं. या वेळात पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद असते, त्यात चवथीसारखी सलग सुट्टी आली तर शाखेची वाट बघण्यापेक्षा हा मार्ग आधी तपासलेला बरा. पण बँकेचा नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबरच वापरा. बँकांच्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी आता `.bank.in` असतं, तेही पाहून घ्या.

दुसरी मोठी चूक म्हणजे अनलॉक आणि नवा पासवर्ड एकच समजणं. अनलॉक म्हणजे फक्त कुलूप काढणं, पासवर्ड जुनाच राहतो. तो आठवत असेल, नुसता टाइप करताना चुकला असेल, तर अनलॉक पुरे. आठवतच नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि दोन्ही मागा. नाहीतर शाखा अनलॉक करून देईल, तुम्ही घरी येऊन पुन्हा तीन अंदाज टाकाल आणि संध्याकाळी तिथेच येऊन थांबाल. शाखेतल्या कोणालाही तुमचा पासवर्ड दिसत नाही. म्हणून «माझा पासवर्ड कळवावा» असं लिहिण्यात अर्थ नसतो. नवा पासवर्ड तुम्हीच लावायचा, आणि त्यासाठी ओटीपी तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर येणार. तो नंबर बंद पडलेला असेल तर आधी नंबर बदलायचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. गोव्यात हे फार होतं. माणूस आखाताला किंवा बोटीवर जातो, इथलं सिम रिचार्जविना बंद पडतं, आणि बँकेत नंबर तोच राहतो.

आता सहीबद्दल. युजर आयडी खात्याचा नसतो, माणसाचा असतो. संयुक्त खात्यात नवरा-बायकोचे आयडी वेगळे असतात. बायकोचा आयडी लॉक झाला आणि अर्जावर नवऱ्याची सही असली तर शाखा तो परत करते, आणि तिने तसं केलंच पाहिजे. सही बँकेत नमुना म्हणून दिली तशीच हवी. आपल्याकडे बऱ्याच जुन्या मंडळींनी खातं उघडताना देवनागरीत सही केलेली असते आणि पुढे कधीतरी इंग्रजीत करायला लागतात. नावाचंही तसंच. पासबुकात देसाई हे दोन एस घालून लिहिलेलं, आधारावर एकच एस. नाईकचं जुनं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग तर आणखी वेगळं. अर्ज खुशाल मराठीत लिहा, पण नाव इंग्रजीत पासबुकावर आहे अक्षरशः तसंच एकदा लिहून द्या. शाखेत बाहेरच्या राज्यातला अधिकारी असला तरी त्याला खातं लगेच सापडतं.

पासवर्ड, ओटीपी, एटीएम पिन, कार्डामागचे तीन आकडे यातलं काहीही अर्जात लिहू नका. «मी हा पासवर्ड टाकत होतो, तो का चालत नाही» असं लिहून खाली पासवर्ड दिलेले अर्ज मी माझ्या हाताने परत केले आहेत. तो कागद फायलीत लागतो आणि चार हातांतून जातो. आधारची झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा, «फक्त नेट बँकिंग अनलॉकसाठी», आणि तारखेसह सही करा.

एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: ते तीन प्रयत्न तुम्हीच केले होते का? उत्तर «नाही» असेल, लॉकचा एसएमएस अचानक आला असेल, तर अनलॉकचा अर्ज अजिबात देऊ नका. कोणीतरी तुमच्या आयडीने शिरायला बघत होतं आणि त्या कुलपाने तुम्हाला वाचवलं. मग अर्ज उलटा लिहायचा: हे प्रयत्न माझे नाहीत, लॉक तसाच ठेवावा, प्रयत्न केव्हा झाले त्याची नोंद तपासावी. पैसे गेले असतील तर शाखा उघडायची वाट न बघता बँकेच्या हेल्पलाइनला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकाला फोन करा. तुमची चूक नसताना त्रयस्थाने पैसे लांबवले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे तो तोटा तुमच्यावर पडत नाही.

वहिनींना मी लिहून दिलेला अर्ज असा होता:

«प्रति, शाखाधिकारी, फोंडा शाखा.
विषय: नेट बँकिंगचा युजर आयडी अनलॉक करण्याबाबत. खाते व कार्ड चालू आहे.
महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ………… असून ग्राहक क्रमांक ………… आहे. माझा नेट बँकिंग युजर आयडी ………… आहे. दि. ९ जून रोजी रात्री सुमारे ८.३० वाजता मी स्वतः लॉगिन करताना पासवर्ड तीन वेळा चुकला व आयडी लॉक झाला. २४ तासांनंतरही तो सुटलेला नाही. पासवर्ड मला आठवत नाही. तरी युजर आयडी अनलॉक करावा व नवा पासवर्ड लावण्याची सोय करून द्यावी. माझा नोंदवलेला मोबाइल क्रमांक ………… हा चालू असून माझ्याजवळच आहे.
सोबत: ओळखपत्राची सही केलेली प्रत.
आपली विश्वासू, (बँकेतील नमुन्याप्रमाणे सही), पासबुकावरील नाव, तारीख.»

विषयातलं ते दुसरं वाक्य मुद्दाम घातलं होतं. त्यामुळे कोणी केवायसीकडे किंवा कार्डाकडे वळलं नाही, आणि काम त्याच सकाळी झालं.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. तक्रार क्रमांक मिळत असेल तर तोही पोचीवर लिहून घ्या. काम अडलंच तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे ही पोच लागते.

वहिनींचं प्रकरण मात्र तेवढ्यावर संपलं नाही. नवा पासवर्ड लावला आणि त्याच रात्री आयडी परत लॉक झाला. मी त्यांचा फोन हातात घेऊन बघितला. लॉगिनच्या पानावर बोट ठेवताच ब्राउझर पासवर्डाची जागा स्वतःच काळ्या ठिपक्यांनी भरत होता. तो मार्चमध्ये सेव्ह केलेला जुना पासवर्ड होता. पहिल्या वेळीही तीन चुका त्यानेच करवल्या होत्या. ठिपके दिसत असल्याने वहिनींना वाटायचं, पासवर्ड बरोबरच आहे, मग नुसतं बटण दाबायचं. फोनच्या सेटिंगमधून तो सेव्ह केलेला पासवर्ड काढून टाकला आणि आयडी पुन्हा अनलॉक झाल्यावर त्यांनी नवा पासवर्ड हाताने टाइप केला. वीज बिल भरलं गेलं. त्यानंतर आजतागायत त्यांचा आयडी लॉक झालेला नाही.